रोज सोल्युशन बदलूनही लेन्सची डबी आतून बुळबुळीत का लागते?

कळंबा_रोड
मुलगी महिन्याच्या लेन्स वापरते. कॉलेजमुळे होस्टेलवर असते, सुट्टीला घरी येते. परवा तिची डबी हातात आली. दिसायला स्वच्छ, पारदर्शक. पण आतून बोट फिरवलं तर तळाला आणि झाकणाच्या आट्यांना बुळबुळीत लागलं. ती म्हणते, "आई, सोल्युशन रोज बदलते, जंतू मारायलाच असतं ते, तू कशाला टेन्शन घेतेस?" डबी कधीची, ते तिलाच आठवत नाही. बाटलीबरोबर नवीन येते ती खोक्यातच पडून असते, कारण जुनी "चांगली आहे".

त्यात आपल्याकडचा जुलै. चार दिवस टॉवेल वाळत नाहीत तिथं ही डबी कुठली वाळतेय. माझे प्रश्न दोनच. सोल्युशन जंतू मारतं तर बुळबुळ कसली? आणि डबी नक्की कधी बदलायची?

मास्तर_पन्हाळा
अहो ताई, एवढं काही नसतं. मी स्वतः कितीतरी वर्षं लेन्स वापरल्या. डबी रोज उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचो, कधी डोळा लाल झाला नाही. बाधा होते ती नळाच्या पाण्यानं. पाणी उकळलं की जंतू मेला, विषय संपला. आता तर घरोघरी आरओ आहेत, ते पाणीही चालतं. तीन महिन्यांनी डबी फेका वगैरे कंपन्यांचं मार्केटिंग आहे.

उद्यमनगरचा_दत्ता
आमच्या आईला मागच्याच महिन्यात लेन्स बसवलं मोतीबिंदूचं. आम्हाला तर डबी, सोल्युशन काहीच दिलं नाही! नुसते थेंब दिलेत. विचारायला जायचं का परत?

चष्मेवाला
दत्ताभाऊ, आईंचं लेन्स डोळ्याच्या आत बसवलेलं आहे, ते काढायचं नसतं. त्याला डबी लागत नाही. दिलेले थेंब वेळेवर घाला आणि तपासणीची तारीख चुकवू नका. हा धागा रोज घालायच्या-काढायच्या लेन्सचा आहे.

उद्यमनगरचा_दत्ता
हां हां, मग ठीक. वाचतोय.

अगारप्लेट
ताई, मी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र बघते. डोळ्याचे नमुने येतात, त्याबरोबर डब्याही येतात. तुमच्या बोटाला लागलं ते बहुतेक बायोफिल्म. तुमचा पहिला प्रश्न जरा सविस्तर घेते, कारण मुलीचा युक्तिवाद सगळेच करतात आणि तो अर्धा खरा आहे.

सोल्युशन जंतू मारतं, हे बरोबर. पण कुठले? बाजारात येण्याआधी त्याची जी मूळ चाचणी होते, तिच्यात तीन जिवाणू आणि दोन बुरशा असतात, आणि ते सगळे द्रावणात सुटे तरंगत असतात. तसल्या सुट्या जिवाणूंपैकी हजारातले नऊशे नव्व्याण्णव मेले की सोल्युशन पास. डबीत मात्र जंतू तरंगत बसत नाहीत. बोटावरून किंवा पाण्यातून आलेला जिवाणू आधी प्लास्टिकला चिकटतो. लेन्सवरून सुटलेली अश्रूंमधली प्रथिनं तिथं आधीच बसलेली असतात, त्यांनी त्याला आयती पकड मिळते. मग तो वाढतो आणि आपल्याभोवती चिकट थर सोडतो. पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्यांवर पाय सरकतो ना, जात तीच.

त्या थराच्या आत सोल्युशन पोचेपर्यंत त्याचा जोर कमी झालेला असतो. खालच्या थरातले जिवाणू तर जवळजवळ झोपलेले असतात, वाढत नाहीत, त्यामुळे औषधाला दादही देत नाहीत. रात्रभर वरचे मरतात, खालचे टिकतात, आणि त्यातले थोडे सुटून लेन्सवर बसतात. सकाळी ती लेन्स थेट बुबुळावर. म्हणून रोज सोल्युशन बदलणं आवश्यक आहे, पण तेवढ्यानं तो थर निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

आणखी एक. बोटाला बुळबुळ लागली म्हणजे थर चांगलाच जाड झालाय. पातळ थर ना दिसत ना लागत. चकचकीत डबीतूनही भरपूर वाढ झालेली मी पाहिली आहे. त्यामुळे "डबी चांगली आहे" हे डोळ्यांनी बघून ठरवता येत नाही.

मास्तर_पन्हाळा
मॅडम, सगळं मान्य. पण उकळलेल्या पाण्याचं काय ते सांगा.

अगारप्लेट
मास्तर, पाणी उकळतं तेव्हा त्यातले जंतू मरतात, यात वाद नाही. अमिबाची कोशावस्थाही उकळत्या पाण्यात टिकत नाही. अडचण नंतर सुरू होते. ते पाणी गार करताना ज्या पातेल्यात राहतं, ज्या पेल्यानं काढलं जातं, तिथून ते परत दूषित होतं, आणि त्यात नवीन जंतू मारणारं काहीच नसतं. शिवाय डबी ओली राहते ती वेगळीच. आरओचं पाणी तर निर्जंतुक नसतंच. आरओच्या साठवण टाकीत आणि नळीत थर धरतो. पिऊन पोटाला काही होत नाही, कारण पोटात आम्ल आहे. बुबुळावर तसलं काही नाही.

अमिबाचं नाव काढलं म्हणून सांगते. अकांथअमिबा गोड्या पाण्यात, मातीत, गच्चीवरच्या टाकीत सगळीकडं असतो. डबीत तो नुसत्या सोल्युशनवर जगत नाही. त्याला खायला जिवाणू लागतात, आणि बायोफिल्म म्हणजे त्याचं वाढलेलं ताट. वर ज्या चाचणीबद्दल लिहिलं तिच्यात अमिबा नव्हताच. तो कवच करून बसला की बरीचशी सोल्युशनं त्याला फार काही करू शकत नाहीत. त्याची बाधा जिवाणूंच्या मानानं दुर्मिळ, पण उपचार महिनोन्‌महिने चालतात.

तुम्हाला काही झालं नाही हे चांगलंच झालं. बहुतेकांना होत नाही. म्हणून तर सवय टिकून राहते.

राजारामपुरी_गल्ली
हा धागा वाचून चुलतभावाचं सांगावंसं वाटलं. इंजिनिअरिंगला आहे, भाड्याच्या फ्लॅटवर चौघं राहतात. लेन्स घालून कधी झोपला नाही, पोहायला गेला नाही. त्याबाबतीत पक्का. फक्त डबीतलं सोल्युशन ओतून न देता वर थोडं थोडं भरायचा, बाटली पुरवायची म्हणून. आणि डबी मधूनअधून बेसिनच्या नळाखाली खळबळायचा. डबी वर्षाच्या वरची असणार.

रविवारी सकाळी डावा डोळा टोचायला लागला. गाडीवरून येताना धूळ गेली असेल म्हणून पाणी मारलं. दुपारी लाल झाला, पाणी वाहायला लागलं. मेडिकलमधून थेंब आणले. संध्याकाळी लाली जरा कमी झाल्यासारखी वाटली. गडी खूश. रात्री दोनला उठून बसला, दुखणं कपाळापर्यंत. ट्यूबलाइट लावली तर ओरडला, बंद करा म्हणून. सोमवारी सकाळी पापणी सुजलेली आणि बुबुळावर मधोमधच्या जरा खाली पिवळसर पांढरा ठिपका. आरशात त्याचा त्यालाच दिसला.

डॉक्टरांनी आधी थेंबांची बाटली मागितली. त्यात अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड होतं. लाली म्हणून कमी दिसली, आत जंतूला रान मोकळं. मग म्हणाले, लेन्स, डबी, सोल्युशनची बाटली, सगळं जसंच्या तसं आणा. आता गंमत बघा. काकू रविवारी रूमवर आल्या होत्या, त्यांनी सगळा पसारा आवरताना डबी भांड्याच्या साबणानं घासून लख्ख करून ठेवलेली! आम्हाला वाटलं, आता त्यात काय सापडणार.

डोळा बधिर करून ठिपक्याच्या कडेचं खरवडून घेतलं. काचपट्टीचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी, कल्चरचा दोन दिवसांनी. स्युडोमोनास नावाचा जिवाणू. आणि डबीतूनही तोच उगवला, झाकणाच्या आट्यांतून. साबणानं घासलेल्या डबीतून!

पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. डोळा वाचला. पण फूल पडलंय. चष्मा लावूनही त्या डोळ्यानं पूर्वीसारखं वाचता येत नाही. डॉक्टर म्हणतात काही महिने थांबू, व्रण किती फिका होतो बघू, मग पुढचं.

कळंबा_रोड
वाचून पोटात गोळा आला. काळजी घ्या त्याची.

अगारप्लेट
झाकणाच्या आट्यांतून उगवला याचं मला अजिबात नवल वाटत नाही. घासणी आणि बोट तळाला पोचतं, आट्यांत पोचत नाही. आम्ही काडी फिरवतो तेव्हा मुद्दाम तिथं आणि तळाच्या उंचवट्यांच्या खाचेत फिरवतो. स्युडोमोनास असला की प्लेटवर हिरवट रंग उतरतो आणि झाकण उघडताच गोडसर, द्राक्षांसारखा वास येतो. एकदा आला की विसरत नाही.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. डबीत आणि डोळ्यात एकच नाव निघालं म्हणजे डबीतूनच गेला हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, त्याला आणखी तपासण्या लागतात. कधी डबीत भलताच जंतू निघतो आणि डोळ्यात वेगळाच. पण तुमच्या भावाच्या बाबतीत संशय कुणावर घ्यायचा ते उघड आहे. वर वर भरलेलं सोल्युशन म्हणजे कालचं दमलेलं औषध. जंतुनाशकाचा काही भाग लेन्स आणि प्लास्टिक शोषून घेतं, काही घाणीवर खर्च होतं, उरलेल्यात नवीन मिसळलं की ताकद अर्धवट. अर्धवट ताकदीत बायोफिल्म मजेत वाढतो.

डबी धुतली होती तरी नेलीत हे बरं केलंत. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर अंदाजानं औषध देतात, डबीनं त्या अंदाजाला आधार मिळतो.

सजावट_वधू
मी ब्रायडल मेकअप करते. नवरीला रंगीत लेन्स लागतात. माझ्याकडं तीन-चार रंगांच्या जोड्या आहेत, प्रत्येक वापरानंतर सोल्युशनमध्ये ठेवते. डब्याही वेगवेगळ्या आहेत, रंगानुसार. तर माझ्या बाबतीत डबी तीन महिन्यांनी बदलली की पुरे ना? सीझन नसताना लेन्स दोन-दोन महिने तशाच पडून असतात.

चष्मेवाला
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एकीच्या डोळ्यातली लेन्स दुसरीच्या डोळ्यात घालायची नसतेच, डबी कितीही नवी असो. रंगीत असली, नंबर नसला, तरी ती बुबुळावरच बसते. आणि दोन महिने डबीत पडून असलेल्या सोल्युशनमध्ये जंतुनाशक नावापुरतं उरलेलं असतं. नवरीला हव्याच असतील तर तिनं आधी डोळे तपासून स्वतःच्या लेन्स घ्याव्यात, एकदाच वापरून टाकायच्या मिळाल्या तर उत्तम. म्हणजे डबीचा प्रश्नच येत नाही.

सजावट_वधू
राग नाही. पण सर, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी बुकिंग येतं. तेव्हा कुणाचे डोळे तपासायला पाठवू? पॅकेजमध्ये "लेन्ससह" लिहिलेलं असतं, सगळ्याच लिहितात.

चष्मेवाला
मग पॅकेजमधून काढा. लग्नानंतर नवरी हळदीच्या अंगानं डोळ्याच्या दवाखान्यात येते तेव्हा तिथं बसलेला मी असतो.

आता मूळ प्रश्न, डबी कधी बदलायची. मी दुकानात सांगतो : जास्तीत जास्त तीन महिने. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं सांगणंही किमान तीन महिन्यांतून एकदा असंच आहे. पण महिन्याच्या लेन्स असतील तर मी म्हणतो लेन्सच्या जोडीबरोबरच डबी टाका, लक्षात ठेवायला सोपं. नवी सोल्युशनची बाटली फोडली की नवी डबी, हा दुसरा सोपा हिशेब. बऱ्याच बाटल्या फोडल्यावर तीन महिन्यांत टाकायच्याच असतात, बाटलीवर लिहिलेलं असतं. ताईंच्या मुलीच्या खोक्यात डब्या पडून आहेतच, खर्च शून्य.

मास्तर, हे मार्केटिंग असतं तर कंपनीनं डबी फुकट का दिली असती?

मास्तर_पन्हाळा
बरं, डबी बदलायची हे मान्य करतो. उकळण्यावर मी ठाम आहे. आठवड्यातून एकदा रिकामी डबीच उकळली तर? बायोफिल्म शिजून मरेल की.

अगारप्लेट
मरेल. पण मेलेला थर चिकटूनच राहतो आणि त्यावर नवे जिवाणू आणखी लवकर बसतात. म्हणून उकळायचीच असेल तर आधी घासा. आणि पातळ प्लास्टिकची डबी उकळून वाकते, झाकण नीट बसत नाही, सोल्युशन गळतं आणि लेन्स सकाळी कोरडी. माझ्या मते नवी डबी काढणं सोपं.

ताई, मुलीला सकाळचं काम असं सांगा. साबणानं हात धुऊन कोरडे करायचे, लेन्स डोळ्यांत घालायच्या आणि लगेच डबी हातात घ्यायची. रात्रीचं सोल्युशन पूर्ण ओतून द्यायचं. दोन्ही वाट्यांत थोडं ताजं सोल्युशन घालून स्वच्छ बोटानं आतून घासायचं, प्रत्येक वाटी निदान पाचेक सेकंद, झाकणंही आतून. परत सोल्युशननं खळबळून ओतायचं. मग कोऱ्या टिश्यूनं आतून पुसायचं, टिश्यूचं टोक आट्यांत फिरवायचं. शेवटी दुसऱ्या कोऱ्या टिश्यूवर डबी पालथी आणि झाकणं काढून शेजारी पालथी. यात नळाचं पाणी कुठंच नाही. घासणं आणि पुसणं ही दोनच कामं खरी, बाकी त्यांच्या मदतीला.

वाळवायला न्हाणीघरात ठेवायची नाही. तिथली हवा ओली, आणि फ्लश केल्यावर उडणारे तुषार. होस्टेलला खोलीतल्या टेबलावर किंवा कपाटावर ठेवावी. आपल्या पावसाळ्यात पालथी डबी दिवसभरातही खडखडीत वाळत नाही, हे तुमचं अगदी खरं. म्हणून तर पुसणं महत्त्वाचं. पाण्याचा थेंब राहिला नाही तर हवेवर फार अवलंबून राहावं लागत नाही.

चष्मेवाला
टिश्यूबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. स्वस्तातल्या टिश्यूचे तंतू डबीत राहतात, मग लेन्सवर येतात, गिऱ्हाईक टोचतंय म्हणून परत. मी लोकांना घासून, सोल्युशननं खळबळून, झटकून पालथी ठेवायला सांगतो.

अगारप्लेट
तंतूंचा त्रास खरा आहे. रात्री लेन्स ठेवण्याआधी एकदा सोल्युशननं खळबळलं की निघतात. पुसलेल्या डबीत वाढ कमी होते हे मी तरी सोडणार नाही. पावसाळ्यात तर नाहीच.

चष्मेवाला
पावसाळ्यापुरतं मान्य. उन्हाळ्यात माझंच खरं.

राजारामपुरी_गल्ली
भावाला आता डॉक्टरांनी बऱ्या असलेल्या डोळ्यासाठीही पुढं कधी लेन्स घातल्या तर पेरॉक्साइडचं सोल्युशन वापर म्हणून सांगितलंय. त्याची डबी वेगळी उभी असते, ती कधी बदलायची? ती तर आपोआप स्वच्छ होत असेल?

चष्मेवाला
त्या उभ्या डबीच्या तळाला प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. ती पेरॉक्साइडचं साधं पाणी आणि ऑक्सिजन करते, म्हणून बुडबुडे दिसतात आणि झाकणाला हवेला वाट ठेवलेली असते. पूर्ण व्हायला सहा तास लागतात. चकतीचा जोर हळूहळू उतरतो. म्हणून दर नव्या बाटलीबरोबर आलेली नवी डबीच वापरायची, जुनी टाकायची. जुनी चालू ठेवली तर पेरॉक्साइड पूर्ण उतरत नाही आणि सकाळी डोळ्यात आग. आणि हे सोल्युशन साध्या चपट्या डबीत कधीच ओतायचं नाही, तिथं चकती नाही.

आपोआप स्वच्छ म्हणाल तर पेरॉक्साइड चालू असेपर्यंत जबरदस्त आहे. पण उतरल्यावर ते नुसतं खारं पाणी, त्यात जंतू रोखणारं काही उरत नाही. म्हणून हीही डबी रोज ओतून पालथी घालायची. नळाखाली नाहीच.

कळंबा_रोड
मुलीला सगळा धागा पाठवला. राजारामपुरीवाल्यांचं वाचून जरा हलली. जुन्या दोन्ही डब्या टाकल्या म्हणे. आता तिचा प्रश्न : डोळा नुसता लाल झाला तर लगेच दवाखाना गाठायचा का? होस्टेलला दर पावसाळ्यात कुणाचे ना कुणाचे डोळे आलेलेच असतात, त्यातलंच समजायचं का?

अगारप्लेट
लेन्स वापरणाऱ्यानं "डोळे आले" असं स्वतः ठरवू नये. डोळे येतात तेव्हा चिकटपणा, खाज, बहुधा एकापाठोपाठ दोन्ही डोळे, आणि नजर साफ असते. बुबुळाची बाधा बहुतेक वेळा एकाच डोळ्याला. दुखतं, उजेड नको होतो, धूसर दिसतं. लेन्स आधी काढायची. काढल्यावरही तासाभरात दुखणं वाढतच असेल किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर. रविवार असला तरी सरकारी सीपीआर दवाखान्यात जावं, सोमवारची वाट बघू नये. स्युडोमोनास एकदोन दिवसांत बुबुळ वितळवू शकतो. मेडिकलमधले थेंब घालायचे नाहीत. काढलेली लेन्स टाकायची नाही, त्याच डबीत ठेवून झाकण लावून न्यायची.

कळंबा_रोड
म्हणजे जुनी डबी टाकायची घाई आजारपणात करायची नाही.

अगारप्लेट
हो. आणि काकूंच्या हाती लागू द्यायची नाही.

मास्तर_पन्हाळा
त्या काकूंनी साबणाऐवजी उकळत्या पाण्यात टाकली असती तर रिपोर्ट काय आला असता, हे मात्र कुणी सांगितलं नाही.